ब्लँकेटला आय-कॉर्डचा काठ: विणतानाच जोडत जायची गोल दोरी

विणलेल्या ब्लँकेटचा किंवा शालीचा काठ नीट बसवायचा असेल, तर मला आय-कॉर्ड सगळ्यात जास्त आवडते. तीन टाक्यांची एक बारीक गोल दोरी विणायची आणि विणता विणताच ती कडेला जोडत जायचं. वेगळं शिवकाम लागत नाही, कडेच्या वेड्यावाकड्या टाक्यांवर ती दोरी गुंडाळून बसते आणि काठ हाताला भरीव लागतो. हे नाव एलिझाबेथ झिमरमन या विणकाम शिकवणाऱ्या बाईंमुळे रूढ झालं. विणायला फार सोपी म्हणून त्या तिला 'इडियट कॉर्ड' म्हणत, त्याचंच पुढे 'आय-कॉर्ड' झालं.

दोरी खरंच सोपी आहे. अवघड आहे ती मोजदाद. मी पहिल्यांदा हा काठ केला तेव्हा कडेच्या प्रत्येक टाक्याला दोरीची एक ओळ जोडत गेले. तिसऱ्या बाजूला पोचले तोवर ब्लँकेट परातीसारखं वर वळलं होतं. टाके सगळे बरोबर होते, पण काठ आखूड पडत होता. तो सगळा उसवला आणि मग कुठे लक्षात आलं की या कामात सुईपेक्षा टेप जास्त उपयोगी पडते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका गोष्टीवर आहे: दोरीच्या किती ओळी, कडेच्या किती टाक्यांना.

उदाहरणाला एक साधं चौकोनी ब्लँकेट घेऊ. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे गार्टर वीण. सुया 5 मिमीच्या, 10 सेंमीमध्ये 16 टाके. रुंदी 75 सेंमी, म्हणून टाके 120. गार्टर विणीत दोन ओळी मिळून एक उठावदार कंगोरा दिसतो, आणि एका कंगोऱ्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. त्यामुळे चौकोन पुरा व्हायला 120 कंगोरे, म्हणजे 240 ओळी लागल्या. याचा मोठा फायदा असा की चारही बाजूंना 120 हाच आकडा येतो आणि एकदा बसवलेलं प्रमाण सगळीकडे चालतं.

विणायला बसण्याआधी

ब्लँकेट विणून झालं की शेवटच्या ओळीचे टाके बंद करू नका. ते एका लांब, वेगळ्या रंगाच्या लोकरीवर ओवून ठेवा. ब्लँकेट धुऊन, सपाट पसरून, हाताने चौकोनी करून वाळवा आणि मगच काठाला हात लावा. धुतल्यावर गार्टर वीण थोडी सैल होऊन पसरते. न धुतलेल्या कडेवर मापाने बसवलेला काठ नंतर आखूड पडतो.

ब्लँकेट अजून विणायचं असेल तर एक सवय लावून घ्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणू नका. लोकर पुढे ठेवून तो उलट विणतो तशी सुई घालून नुसता उजव्या सुईवर सरकवा, मग लोकर मागे नेऊन बाकीची ओळ सुलट विणा. अशाने दोन्ही बाजूंना वेणीसारखी साखळी तयार होते आणि साखळीची एक कडी म्हणजे एक कंगोरा. काठासाठी मोजायला आणि उचलायला यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. ब्लँकेट आधीच विणून झालं असेल आणि साखळी नसेल तरी अडत नाही, प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला एक छोटी गाठ दिसते, ती उचलायची.

सामान थोडंच लागतं. काठ विणायला 5 मिमीची एक सुई, कडेचे टाके धरायला त्याहून बारीक, साधारण 3.5 मिमीची लांब गोलाकार सुई, थोडी वेगळ्या रंगाची उरलेली लोकर, खुणेच्या चार कड्या आणि लोकर शिवायची बोथट सुई. बारीक सुईमुळे दोरी घट्ट होईल अशी भीती बाळगू नका. टाक्याचा आकार ठरतो तो उजव्या हातातल्या सुईवर, कारण नवा टाका तिच्यावर तयार होतो.

दोरी आधी एकटी विणून पाहा

जोडण्याआधी नुसती दोरी हातात बसू द्या. 5 मिमीच्या सुईवर तीन टाके घाला आणि सुलट विणा. आता काम उलटवायचं नाही, इथेच नेहमीची सवय मोडावी लागते. विणलेले तिन्ही टाके एकेक करून परत डाव्या सुईवर सरकवा, टोकासमोर टोक धरून, टाक्याला पीळ न पडू देता. लोकर आता डावीकडच्या शेवटच्या टाक्याला लोंबत असेल. ती कामाच्या मागून उजवीकडे आणा आणि पहिला टाका पुन्हा सुलट विणा. मागून आलेली ही लोकर तीन टाक्यांना आत ओढते, त्यामुळे पट्टी सपाट न राहता नळीसारखी गोल होते.

पहिला टाका विणून झाला की लोकर एकदा हलकेच ओढा, दुसरा विणला की पुन्हा एकदा. मागच्या बाजूला शिडीसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ओढ कमी पडते आहे. उलट दोरी काडीसारखी ताठ झाली असेल तर हात सैल सोडा. दहाबारा ओळींनंतर दोरीचं टोक धरून तिला खाली ओढलं की टाके आपापसात सारखे होतात. खरं रूप तेव्हा दिसतं.

जोडणीची ओळ

आता कड. ब्लँकेटची सुलट बाजू आपल्याकडे ठेवा. खालच्या बाजूच्या साधारण मध्यापासून सुरुवात करा, कोपऱ्यापासून करू नका, कारण शेवटी दोरीची दोन टोकं जिथे जुळतात ती जागा सरळ कडेवर सहज लपते, कोपऱ्यावर नाही. बारीक गोलाकार सुई घेऊन उजवीकडून डावीकडे कडेचे फासे नुसते उचला, लोकर न वापरता. खालच्या बाजूला प्रत्येक टाक्यामागे एक, उभ्या बाजूंना साखळीच्या प्रत्येक कडीमागे एक. सगळे एकदम उचलायची गरज नाही, एका वेळी एक बाजू पुरे. पण मोजा. एका बाजूला 120 आणि समोरच्या बाजूला 114 भरले तर ब्लँकेट तिरकं दिसेल. वरच्या बाजूचे 120 टाके तर लोकरीवर ओवलेले आहेतच, ते सरळ सुईवर घ्यायचे. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या फाशाला खुणेची कडी अडकवा, तोच आपला कोपऱ्याचा फासा.

उरलेल्या लोकरीने 5 मिमीच्या सुईवर तीन टाके घाला आणि दोरीच्या दोन ओळी विणा. मग काठाची लोकर घ्या, 20 सेंमी टोक मोकळं सोडा आणि तिची एक ओळ विणा. हे तीन टाके बारीक सुईवर, उचललेल्या फाशांच्या आधी, सरकवा. आता डाव्या सुईवर उजवीकडून पाहिलं तर दोरीचे तीन टाके आणि त्यांच्या मागोमाग कडेचे फासे, असा क्रम दिसेल.

जोडणीची ओळ अशी: दोन टाके सुलट विणा. मग दोरीचा तिसरा टाका आणि कडेचा पहिला फासा हे दोन्ही मिळून मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, म्हणजे सुई दोघांच्या मागच्या दोऱ्यांमधून उजवीकडून डावीकडे घालायची. उजव्या सुईवर पुन्हा तीनच टाके राहतील. ते डाव्या सुईवर परत सरकवा, लोकर मागून आणा आणि तेच पुन्हा.

मागूनच का, पुढून का नाही? दोन टाके मागून एकत्र विणले की दोरीचा टाका वर राहतो आणि कडेचा फासा त्याच्या मागे दडतो. पुढून विणले तर नेमकं उलट होतं, कडेचा फासा वर येतो. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर मग ब्लँकेटच्या रंगाचे ठिपके काठावर उमटतात. एकाच रंगाच्या कामात हा फरक फारसा कळणार नाही, तरी हाताला सवय मागून विणायचीच लावावी असं माझं मत आहे. विरुद्ध रंगाच्या काठात ब्लँकेटच्या मागच्या बाजूला मात्र थोडा रंग दिसतोच. मागची बाजूही कोरी हवी असेल तर कडेचे फासे उचलताना काठाच्याच लोकरीने विणून उचला.

मोकळी ओळ: सगळी किल्ली इथे आहे

विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. कडेच्या टाक्याची रुंदी आणि दोरीच्या ओळीची उंची या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडायच्या आहेत. आपल्या ब्लँकेटचे 16 टाके 10 सेंमी जागा घेतात. त्याच लोकरीच्या दोरीच्या 10 सेंमीमध्ये मात्र साधारण 21 ते 22 ओळी मावतात. म्हणजे 16 टाक्यांना 16 च ओळी जोडल्या तर साडेसात सेंमीच्या आसपास दोरी 10 सेंमीच्या कडेला पुरवायची वेळ येते. माझं पहिलं ब्लँकेट परातीसारखं वळलं ते याचमुळे.

त्यावर उपाय म्हणजे मोकळी ओळ. तिन्ही टाके सुलट विणायचे, कडेचा फासा घ्यायचाच नाही, टाके परत सरकवायचे. दोरी एका ओळीने वाढते, कड जिथल्या तिथे राहते. आपल्या मापाला तीन जोडणीच्या ओळी आणि मग एक मोकळी, हे प्रमाण बसतं: 120 फाशांना 120 जोडणीच्या आणि 40 मोकळ्या, मिळून 160 ओळी, 75 सेंमीत. म्हणजे 10 सेंमीला 21 ओळी आणि वर थोडं.

तुमचा हात आणि तुमची लोकर वेगळी असेल, म्हणून हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. 24 टाक्यांचा, 12 कंगोऱ्यांचा गार्टरचा एक तुकडा विणा, धुऊन वाळवा आणि त्याच्या वरच्या कडेला दोरी जोडा. पहिल्या 12 टाक्यांना एकही मोकळी ओळ न घालता, पुढच्या 12 टाक्यांना दर तिनामागे एक मोकळी ओळ घालून. तुकडा टेबलावर सपाट ठेवला की दोन अर्ध्यांतला फरक लगेच दिसेल. पहिल्या अर्ध्यात वीण आत ओढली जाऊन कड पुढे झुकेल. दुसरा अर्धा सपाट बसला तर प्रमाण सापडलं. अजूनही ओढत असेल तर दर दोनामागे एक मोकळी ओळ करून पाहा. काठ झालरीसारखा लहरत असेल तर दर चारामागे एक. तुकडा हातात धरून ठरवू नका, हातात सगळंच बरं दिसतं. तो सपाट जागेवरच ठेवून पाहा.

तुकड्याचा दुसरा उपयोग लोकरीच्या हिशेबाला. दोरीच्या 20 ओळी उसवून निघालेली लोकर मोजा. इथे ती 1.4 मीटर भरली असं धरा, तर एका ओळीला 7 सेंमी. चार बाजूंच्या 640 ओळी आणि कोपऱ्यांच्या थोड्या धरून 650, म्हणजे साडेपंचेचाळीस मीटर. मी अशा वेळी 55 मीटर बाजूला काढून ठेवते. शेवटच्या बाजूला लोकर संपण्यासारखं वाईट काही नाही.

ब्लँकेट गार्टरचं नसून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीचं असेल तर उभ्या बाजूंचा हिशेब बदलतो. तिथे कडेची ओळ आणि दोरीची ओळ सारख्याच उंचीच्या असतात, म्हणून प्रत्येक ओळीला एक जोडणी, मोकळी ओळ नको. खालच्या-वरच्या बाजूंना मात्र मोकळ्या ओळी लागतातच. आणि एक गोष्ट आधीच सांगते: या विणीची कड स्वभावाने वळते, ती आय-कॉर्डने थांबत नाही. दोरी त्या वळणाबरोबर स्वतःही वळते. अशा ब्लँकेटला आधी चारही बाजूंनी पाच-सहा सेंमी गार्टरची पट्टी हवी.

कोपरे

सरळ कडेवर दोरीची आतली आणि बाहेरची बाजू सारखंच अंतर चालतात. कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला वळसा घालावा लागतो, तिला जादा लांबी लागते. ती मोकळ्या ओळींनीच द्यायची. कडी लावलेल्या कोपऱ्याच्या फाशाआधी एक मोकळी ओळ, मग तो फासा जोडायचा, मग पुन्हा एक मोकळी ओळ. यातून थोडासा गोलसर कोपरा मिळतो. टोकदार हवा असेल तर दोन्हीकडे दोन दोन मोकळ्या ओळी घाला. तिनाच्या क्रमात नेहमीची मोकळी ओळ इथेच येत असेल तर ती यातच धरा, वेगळी घालू नका.

पहिला कोपरा वळून पुढे दहा फासे झाले की थांबा आणि कोपरा टेबलावर ठेवा. तो वाटीसारखा उचलला जात असेल तर ओळी कमी पडल्या, दोरीचा कानासारखा फुगा दिसत असेल तर जास्त झाल्या. आत्ता उसवायला दोन मिनिटं लागतील. पहिल्या कोपऱ्याला जे ठरेल तेच उरलेल्या तिघांना द्या, मनाने बदलू नका. चार कोपरे थोडे गोल पण सारखे असले तर छान दिसतात, चार वेगळे मात्र डोळ्यांत भरतात.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फासा सुटणं. मोकळ्या ओळीनंतर लक्ष विचलित झालं की दोन फासे एकदम घेतले जातात, नाहीतर एक सुईवरून निसटतो. दर वीस फाशांनी काठाच्या मागून बोट फिरवा, सुटलेल्या जागी भोक लागतं. लगेच सापडलं तर सुई काढा, लोकर ओढून तिथपर्यंत उसवा आणि दोरीचे तीन टाके व सुटे झालेले कडेचे फासे पुन्हा सुईवर घ्या. दोरीचे तीनच टाके असल्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही. फार पुढे गेल्यावर दिसलं तर तो फासा मागच्या बाजूने त्याच लोकरीच्या तुकड्याने दोरीला शिवून टाका, सुलट बाजूला कळत नाही.

दोरीवर एखादा टाका आडवा, पिळलेला दिसला तर टाके परत सरकवताना सुई फिरली आहे. एखाद्या ओळीत आडवा दोरा थेट समोर दिसला तर लोकर मागून यायच्या ऐवजी पुढून आली आहे. हे दोन्ही दोष पुढे विणून झाकले जात नाहीत, उसवावंच लागतं.

शालीबद्दल थोडं. साध्या गार्टरच्या शालीला वरचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं. जाळीदार शाल मात्र ओली करून ताणून वाळवतात आणि तिची कड बरीच वाढते. दोरी लांबीत ठरावीकच ताणली जाते. म्हणून सुई एक-दोन नंबरांनी मोठी घ्या, मोकळ्या ओळी वाढवा आणि तुकडाही ताणून वाळवून पाहा. फार ताणायची, टोकं-टोकं काढलेली जाळी असेल तर तिला हा काठ देऊ नये, तो तिला बांधून टाकतो.

दोन टोकं जुळवताना

जिथून सुरुवात केली तिथे परत आलात की शेवटच्या दोन मोकळ्या ओळी वगळा. एक ओळ आपण अगदी सुरुवातीला मोकळी विणलीच होती आणि दुसरी आता सुईने शिवून तयार होणार आहे. सगळे फासे जोडले गेले की लोकर 25 सेंमी ठेवून कापा आणि बोथट सुईत ओवा.

काम असं धरा की उघडे तीन टाके खाली, दोरीची सुरुवात त्यांच्या वर आणि ब्लँकेट डावीकडे. सुरुवातीच्या उरलेल्या लोकरीच्या ओळी अजून काढू नका, वाटाड्या म्हणून त्या लागणार आहेत. त्या मागच्या बाजूला वळवून ठेवा. लोकर नेहमीप्रमाणे मागून उजवीकडे आणा. उजवीकडच्या पहिल्या उघड्या टाक्यातून सुई मागून पुढे काढा. वर, वेगळा रंग जिथे संपतो तिथे काठाच्या लोकरीचा पहिला इंग्रजी व्हीसारखा टाका दिसेल. त्याच्या बुडाशी दोन्ही पायांच्या मागून सुई उजवीकडून डावीकडे घाला. मग खालच्या त्याच उघड्या टाक्यात सुई पुढून मागे न्या आणि शेजारच्या टाक्यातून मागून पुढे काढा. तीनदा हेच. लोकर इतकीच ओढा की नवा टाका शेजारच्या टाक्यांएवढा दिसेल.

तिसरा टाका झाला की वेगळ्या रंगाच्या ओळी कात्रीने कापून उपटून काढा. दोन्ही मोकळी टोकं दोरीच्या पोकळीतून पाच-सहा सेंमी आत ओढा आणि उरलेलं कापा. गाठ मारू नका, या बारीक दोरीत ती हाताला टोचते. ब्लँकेट पुन्हा एकदा ओलं करून, कोपरे हाताने काटकोनात बसवून सपाट वाळत घाला. वाळेपर्यंत काठ उचलून पाहू नका, ओला असताना तो नेहमी थोडा लहरतो.